एफआयआर, दोषारोपपत्र, निकालपत्र : तीन नकला आणि त्यांच्या तारखा

२०२५ च्या मार्चमध्ये एका तालुक्याच्या गावातून आम्हाला फोन आला. ॲट्रॉसिटीच्या केसमधले सगळे आरोपी जानेवारीत निर्दोष सुटले होते आणि कुटुंबाला हायकोर्टात अपील करायचे होते. आम्ही म्हणालो, आधी कागद पाठवा. व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले. एफआयआरचे पहिले पान, निकालाच्या बातमीचे कात्रण आणि समाज कल्याणकडून जमा झालेल्या रकमेची पासबुकातली नोंद. दोषारोपपत्र घरात कुणी पाहिलेलेच नव्हते. निकालाची नक्कल विचारली तर उत्तर आले, "वकिलांच्या कारकुनाने अर्ज केलाय म्हणे."

चळवळीत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे अशाच फायली येतात. म्हणून या एका केसचे कागद क्रमाने उलगडून पाहू. गाव आणि माणसे ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे.

घटना २०२२ च्या पावसाळ्यातली. पिठाच्या गिरणीपुढे गाडी लावण्यावरून वाद झाला. तिथे चार माणसांसमोर मुलाला जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. अर्ध्या तासाने तेच लोक त्याच्या घरात घुसले आणि पुन्हा शिवीगाळ करून मारहाण केली. मुलाने ठाण्यात दोन्ही गोष्टी सांगितल्या. लिहून घेणाऱ्याने मात्र "किरकोळ वादाचे कारणावरून घरात घुसून जातिवाचक शिवीगाळ व मारहाण केली" एवढेच लिहिले. मुलाने न वाचता सही केली.

आता कायदा बघा. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) लागण्यासाठी अपमान किंवा शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर झालेली असावी लागते. हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे या केसचा जीव गिरणीपुढच्या रस्त्यात होता आणि एफआयआरमध्ये गिरणीच नव्हती.

एफआयआरची प्रत मागायला कुणाची मेहेरबानी लागत नाही. ती फिर्यादीला ताबडतोब आणि मोफत द्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४(२) मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) मध्ये आहे आणि तिथे फिर्यादीसोबत पीडिताचाही उल्लेख आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ तर आणखी पुढे जाते. तोंडी दिलेली फिर्याद लिहून काढल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य नसलेल्या लोकसेवकाने ती जाणूनबुजून टाळली, तर तो गुन्हा ठरतो. citizen.mahapolice.gov.in वर एफआयआर पाहता येतो, पण लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील गुन्ह्यांचा तिथे नसतो. शिवाय तिथली प्रिंट वाचायला ठीक, पण ती सहीशिक्क्याची नक्कल नव्हे. ठाण्याने प्रत दिलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. एफआयआर कोर्टातही पाठवला जातो, त्यामुळे तिथल्या नक्कल विभागातूनही तो काढता येतो.

प्रत हातात आली की पहिल्या पानावरचा गु.र.नं. बघून ती फाईलला लावू नका. कलमे कोणती, घटनेची तारीख-वेळ कोणती, जागा कोणती हे रकाने बघा. रकाना ८ मध्ये फिर्याद उशिरा देण्याचे कारण असते. दवाखान्यात दोन दिवस गेले असतील तर ते तिथे आलेच पाहिजे. मग शेवटचा मजकूर सावकाश वाचा. नेमके कोणते शब्द वापरले, कुठे वापरले आणि तेव्हा कोण हजर होते, या तीन गोष्टी त्यात सापडल्या पाहिजेत. सापडल्या नाहीत तर त्याच आठवड्यात तपासी अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब नोंदवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुरवणी जबाबाने एफआयआर बदलत नाही, हे खरे. पण तिसऱ्या दिवशी सांगितलेली गोष्ट आणि दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट यांना कोर्ट एकाच तराजूत तोलत नाही. या मुलाने गिरणीची गोष्ट दोन वर्षांनी, पिंजऱ्यातच सांगितली.

दुसरा कागद दोषारोपपत्र. ॲट्रॉसिटीच्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचे असते. इथे ते ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले, म्हणजे थोड्या उशिराने. कुटुंबाला ते कळले पैशांवरून. या कलमांखाली मिळणाऱ्या एक लाख रुपयांपैकी २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर आणि उरलेले २५ टक्के आरोपींना शिक्षा झाल्यावर मिळतात. दुसरा हप्ता खात्यावर आला आणि घरच्यांना वाटले की केस नीट चालली आहे. आमच्या अनुभवात हा समज फार महागात पडतो. हप्ता दोषारोपपत्र दाखल झाल्याचे सांगतो, त्यात काय लिहिले आहे ते सांगत नाही.

आम्ही नंतर काढलेल्या नकलेत जे दिसले ते असे. घटनास्थळ पंचनामा फक्त घरातल्या खोलीचा. साक्षीदारांच्या यादीत आई, भाऊ, पंच, डॉक्टर आणि पोलीस. गिरणीवाल्याचा जबाब नाही, दळण घेऊन उभ्या असलेल्या दोन बायांचाही नाही. हे २०२२ मध्येच दिसले असते तर आरोप निश्चित होण्यापूर्वी पुढील तपासाची लेखी मागणी करता आली असती. जामीन, आरोपमुक्ती, शिक्षा अशा टप्प्यांवर आपले म्हणणे मांडण्याचा आणि लेखी निवेदन देण्याचा हक्क पीडिताला कलम १५अ देते. पण कागदच हातात नसेल तर म्हणणे तरी काय मांडणार?

आपल्या समाजासाठी दोषारोपपत्रात आणखी एक कागद शोधावा लागतो, तो म्हणजे फिर्यादीचा जातीचा दाखला. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण फिर्यादीत नुसते "बौद्ध" लिहिलेले असते, दाखला जोडलेला नसतो आणि मग आरोपीचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. सक्षम अधिकाऱ्याचा अनुसूचित जातीचा दाखला सोबतच्या कागदांच्या यादीत आहे ना, हे पाहून घ्या.

ही नक्कल मिळवायची कशी? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात स्पष्ट केले की दोषारोपपत्र एफआयआरसारखे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही. त्यामुळे कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर तो बहुधा परत येतो. अर्ज पीडिताच्या सहीने किंवा त्याच्या वकिलामार्फत जावा. नव्या संहितेच्या कलम २३० नुसार, पीडिताने वकील दिला असेल तर आरोपीबरोबर त्यालाही दोषारोपपत्र आणि जबाबांच्या प्रती मोफत द्यायच्या आहेत, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. सरकारी वकील आहेतच म्हणून वेगळा वकील न देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १ जुलै २०२४ पूर्वी सुरू असलेल्या खटल्यांना जुनीच संहिता लागू राहते, आणि तिच्यात ही मोफत प्रत फक्त आरोपीला होती. अशा केसमध्ये कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. अर्जात कोर्टाचे नाव, स्पेशल केस नंबर आणि पक्षकार लिहून "दोषारोपपत्र, सोबतचे सर्व जबाब, पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्रे व जातीचा दाखला यांसह" असे स्पष्ट लिहा. आम्ही एकदा नुसते "दोषारोपपत्र" लिहिले होते, तेव्हा पुढची मोजकी पाने हातात पडली.

आता निकालपत्र. कात्रणात "पुराव्याअभावी निर्दोष" एवढेच होते. निकालपत्रात कारण होते. गिरणीची घटना फिर्यादीत नाही, तपासात नाही, साक्षीत प्रथमच आली, म्हणून ती नंतरची सुधारणा मानली गेली. घरातल्या शिवीगाळीला बाहेरचा साक्षीदार नव्हता. तिन्ही कागद शेजारी ठेवले की फट कुठून पडत गेली ते बोटाने दाखवता येते. खैरलांजी प्रकरणातही २००८ साली आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. ते का, हे मथळ्यांतून कळत नाही. त्यासाठी निकालपत्रच वाचावे लागते.

ई-कोर्ट्सवरून उतरवलेले निकालपत्र वाचायला पुरते. अपिलासोबत लागते ती सहीशिक्क्याची नक्कल, आणि तिच्यावरच्या तारखा निकालातल्या मजकुराइतक्याच महत्त्वाच्या असतात. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, ती कधी नेली, हे तिथे लिहिलेले असते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४अ नुसार विशेष न्यायालयाच्या निकालावर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करायचे असते. नक्कल मिळवायला लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार या ९० दिवसांतून वगळला जातो.

या केसमध्ये निकाल १० जानेवारी २०२५ चा. ९० दिवस १० एप्रिलला संपत होते. कारकुनाने खरोखरच १५ जानेवारीला अर्ज केला होता आणि नक्कल ३ फेब्रुवारीला तयार होती. दोन्ही दिवस धरून हे २० दिवस वगळले, तर मुदत ३० एप्रिलपर्यंत जाते. नक्कल आम्ही २० मार्चला उचलली. मधले दीड महिना ती नक्कल विभागात पडून होती, आणि तो दीड महिना कुणी वगळून देत नाही. अर्जच ९० दिवस उलटल्यावर केला असता तर वगळायला काही उरलेच नसते, मग उशीर माफीचा वेगळा अर्ज आणि त्यावर वेगळी लढाई.

अपिलासाठी आम्ही साक्षीपुराव्याच्या नकलाही मागितल्या. त्यांना लागलेले दिवस मुदतीतून वगळले जात नाहीत, म्हणून तो अर्ज तातडीचा केला. त्यात उपअधीक्षकांचा उलटतपास मिळाला. गिरणीवाल्याकडे चौकशी केली होती, पण त्याचा जबाब लिहून घेतला नाही, असे त्यांनी स्वतः कबूल केले होते. तपासातल्या या त्रुटीचा फटका फिर्यादीला बसू नये, हाच अपिलाचा पहिला मुद्दा झाला. अपील २८ एप्रिलला दाखल झाले, मुदत संपायला दोन दिवस बाकी असताना.