सरकारी नोकरी, खासगी अकाउंट: कुंभमेळ्याच्या कामाची रील टाकू का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र नाशिकमध्ये एका सरकारी कार्यालयात करारावर काम करतो. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, त्यामुळे रस्ते, घाट, पाण्याच्या लाइनी अशा साइटवरच त्याचा दिवस जातो. त्याने मला विचारलं, "भाऊ, साइटची रील टाकली तर चालेल का? सगळेच टाकतात." मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही. पण लांबलचक डॉक्युमेंट वाचून त्यातलं कामाचं काढणं हे आमचं रोजचंच काम. म्हणून सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, वाचायला घेतला. सरकारी कर्मचाऱ्यांनी सोशल मीडिया कसा वापरायचा, हे त्यात सांगितलंय.

आधी बघू तो कोणाला लागू आहे. मंत्रालयातल्या लोकांपुरताच असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. प्रतिनियुक्तीवरचे आणि करारावरचे कर्मचारी त्यात येतात. स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळं, मंडळं आणि सार्वजनिक उपक्रमही येतात. म्हणजे "मी काही पर्मनंट नाही, मला कोण विचारतो" हा हिशोब चुकीचा. आणि सोशल मीडिया म्हणजे फक्त इन्स्टा आणि फेसबुक नाही. एक्स, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप, टेलिग्रामसुद्धा त्यात धरलेत. ऑफिसच्या कामासाठी व्हॉट्सॲप ग्रुप चालवायला मुभा आहे, पण ग्रुपमध्ये लिहिलं म्हणजे ते खासगीच, असं मात्र नाही.

आता मित्राच्या रीलकडे येऊ. समजा, तो हेल्मेट घालून, मागे बोर्ड लावलेली सरकारी गाडी ठेवून, गळ्यात आयकार्ड अडकवून रील काढतो आणि खाली लिहितो, "कुंभचा घाट उभा करणारा हाच तो!" अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली गाडीची. वैयक्तिक अकाउंटवर फोटो, रील किंवा व्हिडिओमध्ये शासनाचा लोगो, पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, इमारत वगैरे वापरू नये, असं जीआर सांगतो. सूट आहे ती फक्त प्रोफाइल फोटोला. दुसरी अडचण त्या ओळीची. शासनाची एखादी योजना किंवा उपक्रम यशस्वी झाला, तर टीमने मिळून केलेल्या कामाबद्दल लिहिता येतं, पण त्यातून स्वतःची स्तुती व्हायला नको. म्हणजे "आमच्या टीमने वेळेत काम पूर्ण केलं" हे चालण्यासारखं आहे, "हाच तो" नाही.

मग त्याने काय करावं? काम पूर्ण झाल्यावर, गाडी आणि आयकार्ड फ्रेमच्या बाहेर ठेवून, टीमचा उल्लेख करत दोन साध्या ओळी लिहाव्यात. काम चालू असताना "पुढच्या आठवड्यात हा रस्ता बंद होणार" असली माहिती स्वतःच्या अकाउंटवरून देऊ नये. तशी माहिती द्यायचं काम ज्याला अधिकार दिलाय त्याचं, आणि तेही आधी मंजुरी घेऊन. ऑफिसचं अधिकृत अकाउंट तो सांभाळत असेल, तर ते स्वतःच्या अकाउंटपासून पूर्ण वेगळं ठेवावं आणि बदली झाली की पुढच्या माणसाच्या हाती द्यावं. पासवर्ड घेऊन गेलेला ॲडमिन ही डोकेदुखी आमच्या आयटीतही रोजचीच.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण गोपनीय कागद बाहेर जातात ते बहुतेक वेळा मुद्दाम नाही, नजरचुकीने. रील टाकण्याआधी ती एकदा थांबवत थांबवत बघा. मागच्या टेबलावरची फाइल, भिंतीवरचा नकाशा, मॉनिटरवर उघडी राहिलेली एक्सेल शीट झूम केली की सहज वाचता येते. दुसरं म्हणजे फोनमधल्या फोटोच्या आत कुठे आणि कधी काढला ही माहिती असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, पण क्वालिटी टिकावी म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला तर सोबतच जाते. आणि आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचाही स्क्रीनशॉट निघतोच.

आता सगळ्यात नाजूक भाग. शासनाच्या, म्हणजे राज्याच्याच नाही तर देशातल्या कुठल्याही सरकारच्या, चालू किंवा अलीकडच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका करू नये, असं जीआर म्हणतो. ही अट नवी नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांमधलीच ती, आता मोबाइलपर्यंत पोचली. समजा मित्राचा तीन महिन्यांचा पगार थकला. "तीन महिने पगार नाही" ही वस्तुस्थिती आहे. "या सरकारला कामगारांचं काही पडलेलं नाही" ही टीका. माझ्या मते जीआरची कमजोर बाजू हीच आहे, की या दोन्हीमधली रेघ तो नीट आखत नाही. ती आखणार वरचा अधिकारी, आणि पोस्ट टाकून झाल्यावर. म्हणून मी मित्राला सांगितलं की पगाराचं आधी लेखी अर्जाने माग, आवक नंबर घे, संघटना असेल तर तिच्यामार्फत जा. पोस्टला लाइक मिळतात, पण आवक नंबर असलेला अर्ज फाइलमध्ये राहतो.

पण सरकारी नोकराला तोंडच नाही, असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. निवृत्तीला चार दिवस उरले असताना एका महिला कर्मचाऱ्याला निलंबित केलं होतं. कारण काय, तर एका राजकीय सभेला हजेरी आणि फेसबुकवरची पोस्ट. न्यायालयाने म्हटलं की सरकारी नोकरीत आहे म्हणून अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क संपत नाही. वर्तणूक नियमांच्या मर्यादेत राहून तिला आपली मतं बाळगण्याचा आणि मांडण्याचा अधिकार आहे. तिच्यावरची कारवाई रद्द झाली. हा निकाल महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाही, पण इथल्या कोर्टात त्याचा दाखला देता येतो. फरक एवढाच की तो दाखला द्यायला कोर्टापर्यंत जावं लागतं, आणि करारावरच्या माणसाचा करार बहुतेक वेळा त्याआधीच संपलेला असतो.

नियम मोडला तर पर्मनंट कर्मचाऱ्यावर १९७९ च्याच शिस्त व अपील नियमांखाली कारवाई होऊ शकते. त्यात नुसत्या ठपक्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि थेट बडतर्फीपर्यंत सगळं आहे. एका रीलसाठी बडतर्फी होईल असं मला वाटत नाही, पण चौकशीची नोटीस हातात आली की सुट्टीपासून प्रमोशनपर्यंत सगळं अडकतं.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत किंवा माझ्यासारखे आयटीत असाल, तर हा जीआर तुम्हाला लागू नाही. तुमचे नियम तुमच्या ऑफर लेटरमध्ये आणि त्यासोबत सही केलेल्या गोपनीयतेच्या कागदात असतात. तो पीडीएफ शोधा आणि त्यात 'क्लायंट' हा शब्द सर्च करा. आमच्याकडे बहुतेक बंधनं तिथेच लपलेली असतात.

मित्राने शेवटी रील टाकली. घाट, संध्याकाळची गोदावरी आणि सात जणांची टीम, सगळे पाठमोरे. कॅप्शन एकच शब्द: "झालं."