कढी फुटते, म्हणजे नेमके काय होते?

मराठीत दूध नासते, पण कढी फुटते. ही दोन क्रियापदे वेगळी का, याचा विचार करताना मी स्वयंपाकघरातल्या एका जुन्या वादापर्यंत पोहोचलो. आपल्याकडे बहुतेक घरांत सांगतात की कढीला उकळी फुटू देऊ नये. पंजाबी घरांत मात्र तीच कढी अर्धा तास, कधी तासभरही खदखदत राहते आणि फुटत नाही. शिवाय कढी या नावातच कढणे आहे. मग खरे कोणाचे?

दोघांचेही. फरक बेसनात आहे. आपण दोन वाट्या ताकाला एखाददुसरा चमचा बेसन लावतो, पंजाबी कढीत एका वाटी दह्याला अर्ध्या वाटीच्या आसपास बेसन पडते. एवढे पीठ असले की ते शिजायलाही वेळ लागतो आणि दह्याला राखायलाही ते पुरते.

दही म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाचे जाळे. विरजणाच्या आंबटपणामुळे केसीनचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. ताप लागला की हे जाळे आकसते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. दही घुसळलेले असले तर जाळ्याचे बारीक तुकडे झालेले असतात. ते आकसता आकसता एकमेकांना धरतात आणि पांढरे रवाळ कण बनतात. हेच फुटणे. दही जितके आंबट, तितके ते लवकर फुटते. चिंच-टोमॅटोचा रस्सा आणि शिळे दही एकत्र आले की हा धोका वाढतो.

बेसनातला स्टार्च साधारण साठ-पासष्ट अंशांपासून पाणी पिऊन फुगू लागतो. रस दाटतो, तुकड्यांची हालचाल मंदावते, ते एकमेकांना सहज भेटत नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न क्रमाचा आहे. दही आकसण्याआधी स्टार्च फुगलेला हवा. उकळत्या रश्श्यात दही ओतून वरून पीठ भुरभुरवले तर पिठाच्या गुठळ्या होतात आणि दही तोवर फुटलेले असते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नान-कलिया हा पदार्थ प्रसिद्ध आहे. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा तो त्याच्या फौजेबरोबर इथे आला, असे सांगतात. मटणाच्या या रश्श्यात पुष्कळ घरी दही घालतात, म्हणून कृती त्यावरच पाहू. अर्धा किलो मटण शिजून मसाला तयार आहे. पाव किलो ताजे, साईचे दही तासभर आधी फ्रिजबाहेर काढावे. त्यात एक सपाट मोठा चमचा बेसन घालून गुठळी राहणार नाही असे घुसळावे. गॅस बारीक करून रश्श्याची उकळी बसू द्यावी. मग रस्सा दह्यात घालावा, दही रश्श्यात नव्हे: एक पळी, ढवळणे, दुसरी पळी, ढवळणे. तीन-चार पळ्यांनी वाडगा बाहेरून चांगला गरम लागतो. आता ते मिश्रण बारीक धारेने पातेल्यात सोडावे आणि रस दाटून पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. त्यानंतर आठ-दहा मिनिटे मंद आचेवर ठेवले की बेसनाचा कच्चा वास जातो.

दह्याला अशी ऊब दिली की ते फुटत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ऊब देण्याने एखाद्या जागी एकदम चटका बसत नाही आणि स्टार्चला फुगायला वेळ मिळतो. पीठ मुळीच नसेल तर ऊब दिलेले दहीसुद्धा पुढच्या खळखळत्या उकळीत फुटते. मी एकाच दह्याचे दोन भाग करून, एकाला बेसन लावून आणि एकाला न लावता, सारख्याच आचेवर हे पाहिले आहे. बेसन नको असेल तर दही शेवटी घालावे, कडेला बुडबुडे दिसताच भांडे उतरवावे. उपवासाच्या कढीला शिंगाड्याचे पीठ हेच काम करते.

एक गफलत मात्र टाळावी. कलियावर तवंग दिसला म्हणजे दही फुटले असे नाही. तेल सुटते तेव्हा वर लाल, पारदर्शक, चकचकीत थर असतो आणि खालचा रस एकजीव असतो. दही फुटते तेव्हा गढूळ, हिरवट पाणी वेगळे होते आणि पळीच्या पाठीला पांढरे कण चिकटतात. सुटलेले तेल ढवळले की रश्श्यात पुन्हा थोडेफार मिसळते. आकसलेले प्रथिन मात्र पुन्हा सैल होत नाही. फुटलेला रस मिक्सरमधून काढून, थोडे कालवलेले पीठ लावून शिजवला तर दिसायला बरा होतो, जिभेला मात्र बारीक रवाळपणा जाणवतोच.