खवय्या मित्राला मजेशीर शुभेच्छा : लाडू, करंजी, पुरणपोळी आणि शब्दांचा खेळ



चौथीच्या वर्गात शुभेच्छापत्र लिहायला दिलं की बहुतेक मुलं एकच साचा वापरतात, 'तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. म्हणून एका वर्षी मी सांगितलं, की तुमचा एखादा खाण्याची आवड असलेला मित्र असेल ना, त्याला मिठाईची नावं वापरून मजेशीर शुभेच्छा लिहा. वर्गात हशा पिकला. पण एका मुलाला आलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'तू लाडूसारखा गोल, करंजीसारखा फुगलेला.' त्या मुलाने पत्र दप्तरात कोंबलं आणि दुपारच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

चूक माझी होती. नावं वापरा म्हणाले, पण कशी वापरायची ते शिकवलंच नव्हतं. पुढच्या वेळी जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगते.

सर्वात आधी उपमा आणि शब्दखेळ यांतला फरक दाखवावा लागतो. 'लाडूसारखा गोल' ही उपमा. तिथे लाडूच्या जागी चेंडू घातला तरी वाक्य तसंच उभं राहतं. म्हणजे 'लाडू' या शब्दाशी आपण खेळलोच नाही, फक्त त्याचा आकार घेतला. आणि आकार घेतला की बोट आपोआप मित्राच्या अंगाकडे जातं. शब्दखेळात मात्र नावाचे आवाज महत्त्वाचे असतात. म्हणून मुलांना एक सोपी परीक्षा द्या. वाक्यातल्या पदार्थाच्या जागी 'बर्फी' घालून वाचा. मजा तशीच राहिली तर तो शब्दखेळ नाही. मजा गेली तर जमलं!

आता नाव फोडायचं कसं? फळ्यावर नाव लिहा आणि मुलांना ते सावकाश, मोठ्याने म्हणायला लावा. 'लाडू' म्हणताना कोणीतरी म्हणतंच, "बाई, यात लाड आहे!" बरोबर. लाडाला 'ऊ' लावला की लाडू. इथे एक काळजी घ्या. लाडू हा शब्द संस्कृत 'लड्डुक'वरून आलेला आहे. त्यामुळे खेळात 'लाड + ऊ' चालतं, पण 'लाड करतात म्हणून लाडू म्हणतात' असं मुलांच्या वहीत जाऊ देऊ नका.

'पुरणपोळी'त 'पुरण' आहे, आणि त्याच्याशी जुळणारं क्रियापद 'पुरणे', म्हणजे सगळ्यांना पुरेसं होणे. शिवाय मराठीत 'पुरून उरणे' हा वाक्प्रचार आहेच, म्हणजे समोरच्याला भारी पडणे. खवय्या मित्राला याहून चांगला वाक्प्रचार कुठला मिळणार? मात्र 'पुरणे'चा जमिनीत गाडणे हाही अर्थ आहे. 'तुला पुरलं' असं एका मुलीने लिहिलं, तेव्हा ते का चालणार नाही यावर वर्गात छान चर्चा झाली.

'करंजी' फोडली ती एका अबोल मुलाने. त्याच्या घरी 'कर'ला 'करं' म्हणतात. एरवी हा मुलगा वाचताना 'करं' म्हणाला की मी 'कर' असं सुधारून देते. त्या दिवशी तो म्हणाला, "बाई, करं जी!" वर्गाला कळायला दोन क्षण लागले, मग टाळ्या पडल्या. त्याच्या घरच्या बोलीशिवाय ही करंजी फुटलीच नसती.

इथे व्याकरण आपोआप आत येतं. एक करंजी असेल तोवर 'करं जी' जमतं. 'करंज्या' म्हटलं की खेळ मोडला. 'करंजीला' म्हटलं तरी मोडला. म्हणून खेळाचा शब्द शक्यतो एकवचनात आणि प्रत्ययाशिवाय ठेवायचा. 'चकली' गोड नाही, पण फराळात ती हवीच. चकणे म्हणजे फसणे. पण 'चकली' हे क्रियापद स्त्रीलिंगी, त्यामुळे फसणारी व्यक्ती आई, ताई नाहीतर आजीच हवी. 'बाबा चकली' लिहिणाऱ्याला लिंग-वचन वेगळं शिकवावं लागलं नाही, वर्गच हसला!

'शिरा' घ्यायचा तर प्रश्न येतो तो 'तू' की 'तुम्ही'चा. मित्राला आपण 'आत शिर' म्हणू, 'शिरा' नाही. यावर मुलांनीच तोडगा काढला, मित्राला खोटाखोटा मान द्यायचा. म्हणून संपूर्ण पत्र 'तुम्ही'मध्ये लिहायचं ठरलं. फळ्यावर सर्वांनी मिळून तयार केलेलं पत्र असं झालं :

श्रीमंत खवय्येराव यांस,
वाढदिवसाच्या गोड गोड शुभेच्छा!
आई तुमचे लाड करते. तुम्ही त्या लाडाला फक्त एक 'ऊ' लावता आणि डबा रिकामा करता.
आजीने विचारलं, "बाळा, दिवाळीला काय करू?" तुम्ही म्हणालात, "करं जी... करंजी!"
होळीची पुरणपोळी साऱ्या गल्लीला पुरली. तुम्ही मात्र पुरणपोळीलाही पुरून उरलात.
डबा लपवणारी ताई चकली, तुम्हाला बरोबर सापडली चकली.
आमच्या घरी कधीही या. दार उघडंच आहे, शिरा!

शेवटची ओळ पाहा. सुरुवातीला मुलांनी 'शिरा! आत शिराच आहे' असं लिहिलं होतं. चौथीला ते ठीकच आहे, कारण शब्द दोनदा आला की दोन्ही अर्थ लगेच कळतात. करंजी आणि चकलीच्या ओळी आम्ही तशाच ठेवल्या. तोच शब्द वेगळ्या अर्थाने पुन्हा येतो, तो यमकाच्या जवळ जातो. शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो, तेव्हा श्लेष होतो. मोठ्या वर्गांना हा फरक याच ओळीवरून दाखवता येईल. 'शिरा' एकदाच लिहा आणि वाचणाऱ्याला थांबू द्या. विनोद समजावून सांगावा लागला तर मात्र ती ओळ काढून टाका.

आणि त्या पहिल्या पत्राचं काय? आता आमच्या वर्गात पत्र देण्याआधी एकच प्रश्न विचारतो : ज्याच्यासाठी लिहिलंय, तो स्वतः हे पत्र वर्गासमोर वाचू शकेल का? वरच्या पत्रात हसू कशावर येतं ते तपासा. लाडावर, आजीवर, फसलेल्या ताईवर. खवय्येराव प्रत्येक ओळीत जिंकतात. त्यांच्या अंगाबद्दल एक अक्षरही नाही. ज्याने डबा उघडला नव्हता, त्याच मुलाला मी हे पत्र फळ्यावरून वाचायला सांगितलं. 'पुरून उरलात' या ओळीला तो स्वतःच इतका हसला, की पुढची ओळ दुसऱ्याला वाचावी लागली.

पालकहो, घरी करायचं असेल तर फराळाचे डबे भरताना करा. एका वेळी एकच पदार्थ घ्या, त्याचं नाव सावकाश म्हणा आणि मुलाला विचारा, "यात अजून कोण लपलंय?" 'श्रीखंडा'त कोण लपलंय ते मी सांगत नाही. तुमच्या मुलांना सापडलं की मला नक्की कळवा.