दोन रुपयांच्या झेरॉक्समागे सुटतं किती?

झेरॉक्सच्या धंद्याचा हिशोब बहुतेक जण दुकानाच्या काउंटरसमोर उभ्या उभ्याच करून टाकतात. रीम 220 रुपयांचं, त्यात 500 कागद, म्हणजे एक कागद पडला 44 पैशांना. झेरॉक्सचे घेतात 2 रुपये. पावडर, वीज काय असेल ती धरली, तरी सव्वा रुपया सुटतोच. दिवसाला हजार झेरॉक्स निघाल्या की साडेबाराशे खिशात!

सुट्या झेरॉक्सपुरता हा हिशोब फारसा चुकीचाही नाही. अडचण अशी की दिवसाला हजार झेरॉक्स दोन रुपयांनी निघत नाहीत. शिवाय सगळा खर्च पानाला लावून मोजला, की दुकानाचा नफा नेमका कुठून येतो आणि कुठे गळतो ते दिसतच नाही. कागदाचा खर्च पानागणिक होतो, टोनरचा छापलेल्या बाजूगणिक, विजेचा बराचसा तासागणिक आणि भाड्याचा महिन्यागणिक. हे सगळं एकत्र करूनच झेरॉक्स किती पैशांना पडली हे ठरतं.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं, तहसील कचेरी आणि कॉलेज यांच्या मधल्या रस्त्यावरचं एक दुकान धरू. मालक स्वतःच मशीनवर उभा राहतो, मशीन सेकंडहँड, मिनिटाला 25 पानं काढणारं. भाव गावागणिक आणि माल घ्याल तसे बदलतात, तेव्हा पुढचे आकडे नमुन्याचे समजावेत आणि त्यांच्या जागी आपापले घालून पाहावेत.

आधी कागद. 220 रुपयांच्या रिममधले सगळे 500 कागद गिऱ्हाइकाच्या हातात जात नाहीत. काही जाम होतात, काही तिरके निघतात, एखादी प्रत फिकी आली म्हणून पुन्हा काढून द्यावी लागते. शंभरात दोन वाया गेले, तर 490 कागदांवर 220 रुपये वसूल करायचे, म्हणजे कागद पडला 45 पैशांना. पावसाळ्यात ही नासधूस वाढते. कागद हवेतला ओलावा धरतो, कडा लाटेसारख्या होतात, ट्रेमधून दोन-दोन कागद एकदम ओढले जातात आणि छपाईही डागाळ उमटते. उघडं रीम रात्रभर ट्रेमध्ये ठेवण्यापेक्षा उरलेला गठ्ठा त्याच्याच वेष्टनात गुंडाळून ठेवला, तर सकाळचे निम्मे जाम टळतात.

स्वस्त रीम घेताना एक काटा जवळ असलेला बरा. 75 जीएसएमच्या ए-फोर रिमचं वजन साधारण 2 किलो 340 ग्रॅम भरतं, 70 जीएसएमचं 2 किलो 180 ग्रॅम. वेष्टनावर 70 लिहिलंय आणि वजन दोन किलोच्या आसपास आलं, तर एक तर कागद पातळ आहे किंवा संख्येत कमी आहे. दहा रुपये वाचवून आणलेलं असं रीम जाममध्ये ते दहा रुपये परत घेऊन टाकतं.

टोनरचा हिशोब कागदापेक्षा फसवा आहे. बाटलीवर छापलेला पानांचा आकडा सहसा एका गृहीतावर उभा असतो: पानाचा फक्त 5 टक्के भाग काळा. म्हणजे मोजक्या मजकुराचं, भरपूर कोरी जागा असलेलं पत्र. आपल्याकडे झेरॉक्सला येतात त्या गच्च लिहिलेल्या नोट्स, शिक्क्यांनी भरलेले दाखले आणि फोटो असलेली ओळखपत्रं. समजा बाटली 1,200 रुपयांची आहे आणि तिच्यावर 15,000 पानं लिहिली आहेत. कागदोपत्री एका बाजूला 8 पैसे पडले. प्रत्यक्षात तिच्यातून 10,000 बाजू निघाल्या, तर 12 पैसे.

खरा आकडा काढणं अवघड नाही. नवी बाटली लावली त्या दिवशी मशीनचा मीटर लिहून ठेवायचा, ती संपली की पुन्हा वाचायचा. मधला फरक म्हणजे त्या बाटलीने काढलेल्या बाजू. दोन-तीन बाटल्यांची सरासरी हाच आपल्या दुकानाचा टोनरखर्च, बाटलीवरचा आकडा नव्हे. एकच काळजी घ्यावी लागते: बऱ्याच मशीनवर ए-थ्री कागदाची एक प्रत दोन धरली जाते.

टोनर कुठे उडतो हे पाहायचं असेल तर आधार कार्डाची झेरॉक्स पाहावी. कार्ड काचेवर ठेवलं आणि घाईत झाकण उघडंच राहिलं, तर कार्डाभोवतीची सगळी जागा काळी येते. कार्डाने ए-फोर कागदाचा जेमतेम 7 टक्के भाग व्यापलेला असतो. 5 टक्के काळ्या पानाला 8 पैसे लागत असतील, तर पूर्ण काळ्या पानाला त्याच्या वीसपट, म्हणजे 1 रुपया 60 पैसे. दोन रुपयांच्या झेरॉक्सवर दीड रुपयाची नुसती पावडर! कागद धरला की तोटाच. वर त्या काळ्या चौकटीमुळे तहसीलमधला कारकून झेरॉक्स परत करतो आणि ती पुन्हा काढावी लागते ती वेगळीच. झाकण बंद करणं, निदान कार्डावर कोरा कागद ठेवणं, हा तीन सेकंदांचा उद्योग रिमच्या भावात घासाघीस करण्यापेक्षा जास्त पैसे वाचवतो.

टोनरच्या बरोबरीने मशीनची झीजही बाजूगणिकच होते. ड्रम, ब्लेड, डेव्हलपर, रोलर ठरावीक प्रतींनंतर बदलावे लागतात. लाखभर प्रतींमागे सुटे भाग आणि मेकॅनिक मिळून 10,000 रुपये लागले, तर बाजूला 10 पैसे. उभ्या हिशोबात हे 10 पैसे बहुतेक वेळा विसरले जातात, आणि मग ड्रम गेला त्या महिन्यात ‘अचानक खर्च आला’ असं वाटतं. तो खर्च रोज होतच होता, पावती तेवढी एकदम आली. प्रतीवर उभी बारीक रेघ सतत येऊ लागली किंवा ठरावीक अंतरावर तोच ठिपका उमटू लागला, की काच पुसून पाहावी. तरीही रेघ किंवा ठिपका राहिला तर बहुधा ड्रम-ब्लेडची पाळी आलेली असते.

आता वीज. झेरॉक्समध्ये पावडर कागदावर पक्की बसते ती उष्णतेने, आणि त्यासाठी आतला रोलर तापलेला लागतो. मशीन चालताना दीड किलोवॉट घेतं असं धरलं, तर हजार प्रतींना 40 मिनिटं, म्हणजे एक युनिट. व्यापारी दराने सगळे आकार धरून युनिट 13 रुपयांना पडलं, तर एका झेरॉक्सला सव्वा पैसासुद्धा जेमतेम. इथवर ठीक. पण पुढचं गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मशीन दिवसभर तयारीत ठेवलं जातं, चहाच्या टपरीवर तवा तापता ठेवावा तसं. या ताटकळण्यात दहा तासांत आणखी दोन युनिट जातात. म्हणजे प्रती काढायला लागणाऱ्या विजेच्या दुप्पट वीज वाट पाहण्यात गेली. दिवसाला हजार प्रती निघाल्या तर वीज प्रतीमागे 4 पैसे पडते, दोनशेच निघाल्या तर 14 पैसे. म्हणून विजेचा हा भाग मी भाड्याच्या बाजूला टाकतो आणि प्रतीला फक्त 1 पैसा लावतो.

तर एकपाठी झेरॉक्स पडली: कागद 45, टोनर 12, झीज 10 आणि वीज 1, मिळून 68 पैसे. दोन रुपये घेतले तर 1 रुपया 32 पैसे हाती लागतात. एक रुपया घेतला तर 32 पैसे. शेजारच्याने पाटी लावली म्हणून 75 पैसे केले, तर राहिले 7 पैसे.

पाठपोट काढली की चित्र पालटतं. टोनर, झीज आणि वीज दोन बाजूंची, म्हणजे 46 पैसे, पण कागद एकच, 45 पैशांचा. दोन बाजू मिळून 91 पैसे. एका बाजूला एक रुपया घेतला तर एका कागदामागे 1 रुपया 9 पैसे सुटतात. 75 पैसे बाजूनेसुद्धा 59 पैसे सुटतात, म्हणजे बाजूला जवळजवळ 30 पैसे. एक रुपयाच्या एकपाठी झेरॉक्समध्ये 32 सुटत होते हे आठवा. गिऱ्हाइकाला चतुर्थांश सूट देऊनही दुकानदाराचं फारसं काही गेलं नाही, कारण ती सूट कागदाने भरून काढली. पाठपोटला एकच पथ्य आहे: कागद दोनदा मशीनमधून जातो, म्हणून जाम जास्त होतात, आणि फार पातळ कागदावर मागची अक्षरं पुढे दिसतात.

महिन्याचे बांधील खर्च असे: भाडं 8,000, ताटकळणाऱ्या मशीनची आणि दिवे-पंख्याची वीज 1,500, 75,000 रुपयांचं मशीन तीन वर्षांत फेडायचं म्हणून सुमारे 2,100, आणि किरकोळ 400. एकूण 12,000. महिन्याला 26 दिवस धरले तर रोजचे 460 रुपये. ते निघायला दोन रुपयांच्या साडेतीनशे झेरॉक्स पुरतात, एक रुपयाच्या एकपाठी 1,440 लागतात, आणि 75 पैशांच्या एकपाठी साडेसहा हजारांहून जास्त. मिनिटाला 25 पानांच्या मशीनवर तेवढ्या काढायच्या तर न थांबता साडेचार तास जातील, आणि मालकाच्या घरी तरीही एक पैसा जाणार नाही.

या दुकानाचा बरा दिवस असा धरू: तहसीलच्या कामाच्या 300 सुट्या झेरॉक्स दोन रुपयांनी आणि कॉलेजच्या नोट्सच्या 1,000 बाजू, पाठपोट, एक रुपयाने. सुट्यांतून 396 रुपये, नोट्समधून 545, मिळून 941. रोजचे 460 वजा केले तर 481 उरतात, महिन्याला साधारण साडेबारा हजार. ही मालकाची मजुरी, गल्ल्यातल्या 1,600 रुपयांपैकी. मार्च-एप्रिलच्या परीक्षा आणि जून-जुलैचे प्रवेश सोडले, तर रोज असा दिवस उगवत नाही. मशीनशेजारी प्रिंटआउट, लॅमिनेशन, स्पायरल आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याची सोय सहसा का दिसते, ते यावरून समजेल.

आता रीम 30 रुपयांनी महागलं असं समजा. कागद 6 पैशांनी वाढला. दिवसाला 800 कागद लागतात, म्हणजे रोजचे 48 आणि महिन्याचे जवळपास 1,250 रुपये गेले, मालकाच्या मिळकतीचा दहावा हिस्सा. दर 6 पैशांनी वाढवण्याची सोय नाही. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली, आणि 50 पैशांचं नाणं चलनात असूनही बाजारात कुणी सहसा घेत नाही. सुट्या झेरॉक्सचा दर म्हणूनच वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो आणि मग एकदम रुपयाने उडी मारतो. ठोक कामात मात्र शंभर पानांचा हिशोब एकत्र होतो, तिथे पाच-दहा पैशांनी दर बदलता येतो आणि बदलावाच.

नवं दुकान काढणाऱ्याने पहिल्या महिन्यात निदान सकाळ-संध्याकाळ मीटर वहीत लिहावा आणि गल्ल्याशी ताडून पाहावा. मीटर म्हणतो 1,300 आणि पैसे आलेत 1,200 बाजूंचे, तर मधल्या शंभर कुठे गेल्या ते त्याच दिवशी शोधता येतं. आणि शेजारच्याला उत्तर म्हणून 75 पैशांची पाटी लावायचीच असेल, तर खाली ठळक अक्षरांत ‘फक्त पाठपोट’ असं लिहायला विसरू नये.