बेलंदूरचाच पूर कशावरून?

सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूच्या बेलंदूर, यमलूर भागांत पाणी शिरलं. अशा वेळी दुसऱ्याच शहरातल्या पुराचा फोटो बेंगळुरूचा म्हणून सहज फिरतो. फोटो मोठा करून आधी दुकानाची पाटी बघा. कन्नड आणि तेलुगू लिपी सारख्या दिसतात, पण तेलुगूत बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखं टोक असतं, कन्नडात तिथे आडवी, वळलेली रेघ. गाडीच्या पाटीवरचं KA फक्त गाडी कर्नाटकची असल्याचं सांगतं; ती हैदराबादेतही उभी असू शकते. म्हणून दुकानाच्या पाटीवरचं नाव नकाशात शोधून शेजारची इमारत, गच्ची, खांब स्ट्रीट व्ह्यूशी जुळवा. जागा जुळली तरी तारीख उरतेच: फोटोचा उलट शोध घेऊन तो सप्टेंबर 2022 पूर्वी कुठे छापलाय का, ते पाहा.