दुकान हलते आहे : चार ओळींत काय लिहावे?

पुण्याच्या पेठांमध्ये जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम जोरात आहे. तळमजल्यावरच्या दुकानांना त्यामुळे जागा बदलावी लागते. मग शटरवर कागद लागतो, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर फोटो पडतो आणि त्याखाली दोन-चार ओळींचा मजकूर येतो. दुकान हलवायला महिनाभर राबणारा दुकानदार हा मजकूर मात्र पाच मिनिटांत उरकतो. गिऱ्हाईक चुकते ते इथे.

एक उदाहरण घेऊ. कुमठेकर रस्त्यावरचे चष्म्याचे एक दुकान टिळक रस्त्यावर जायचे आहे. मालकांनी लिहिले : ‘आमचे दुकान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होत असून दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर टिळक रोड येथे भव्य स्वरूपात सुरू होत आहे. तरी सर्वांनी अगत्य यावे.’

निमंत्रण म्हणून हे गोड आहे, पण सूचना म्हणून अपुरे. १५ तारखेला दुकान उघडे की बंद, हे यावरून कळत नाही. टिळक रस्ता लांबलचक आहे, त्यावर नेमके कुठे जायचे? शिवाय ज्याने काचा बसवायला फ्रेम दिली आहे, त्याने पावती घेऊन कुठे जायचे?

तारखेचा घोळ टाळायचा असेल, तर ‘बंद’चा दिवस सांगण्याआधी जुन्या जागेतला शेवटचा चालू दिवस सांगावा. तारखेबरोबर वार लिहावा, म्हणजे आकडा चुकला तर लगेच लक्षात येते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त जरूर लिहावेत. पण मुहूर्ताने तारखेची जागा घेऊ नये. पत्त्यात मजला, रस्त्याची बाजू आणि सगळ्यांना ठाऊक असलेली खूण हवी. पेठांमधले काही रस्ते एकेरी असल्याने गाडी कुठे लावायची, तेही एका ओळीत सांगितलेले बरे.

तोच मजकूर मग असा होतो :

‘आपले चष्म्याचे दुकान टिळक रस्त्यावर जात आहे.
कुमठेकर रस्त्यावर शेवटचा दिवस : बुधवार, १४ ऑक्टोबर २०२६, रात्री ९ पर्यंत.
गुरुवार १५ ते सोमवार १९ ऑक्टोबर : दोन्हीकडे बंद.
नव्या जागेत सुरू : मंगळवार, २० ऑक्टोबर (दसरा), सकाळी ११ पासून.
पत्ता : टिळक स्मारक मंदिराजवळ, त्याच बाजूला, तळमजला. दुचाकी इमारतीच्या आवारात लावता येईल.
तयार चष्मे १४ तारखेपर्यंत जुन्या दुकानातून न्यावेत. राहिलेले २० पासून नव्या दुकानात मिळतील. पावती जपून ठेवा. फोन नंबर तोच आहे.’

पहिली ओळ मुद्दाम ‘जात आहे’ अशी आहे. ‘बंद’ने सुरुवात झाली, तर घाईत वाचणारा दुकान कायमचे मिटले असे समजून पुढे जातो. इन्स्टाग्रामवर मजकुराचा सुरुवातीचा भागच दिसतो, बाकीचा ‘आणखी’ दाबल्यावर उघडतो; म्हणून आभाराचे चार शब्द शेवटी ठेवावेत. तारखा आणि पत्ता फोटोवरही छापावेत, कारण फोटो या हातातून त्या हातात जाताना खालचा मजकूर अनेकदा गळून पडतो.

गुगल मॅप्सवर नवी नोंद करू नये. जुन्या नोंदीतलाच पत्ता बदलावा, म्हणजे साधारणपणे जुने अभिप्राय टिकून राहतात. मधले पाच दिवस सुट्टीचे म्हणून दाखवावेत. ‘कायमचे बंद’ हा पर्याय चुकूनही निवडू नये. पत्ता जुन्या दुकानाच्या शेवटच्या दिवशी रात्री बदलावा. आधी बदलला, तर लोक कुलूपबंद जागेसमोर जाऊन उभे राहतात.

सगळ्यात जास्त फसते ती सुरू होण्याची तारीख. फर्निचर रेंगाळते, विजेचे काम अडते. नव्या जागेत वीज आल्याशिवाय आणि कपाटे बसल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. तरीही ती पुढे गेलीच, तर आधीची सूचना तशीच ठेवून दुसरी टाकू नये, कारण लोकांकडे दोन्ही फिरत राहतात. जुन्या सूचनेतली तारीख बदलावी, शटरवरचा कागदही त्याच दिवशी बदलावा.

वर्षातून एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत मोबाइलवरची सूचना पोचत नाही. त्याच्यासाठी जुन्या जागी फलक काही महिने राहायला हवा. इमारत पाडली जाणार असेल, तर भोवतीच्या पत्र्यांवर फलक लावायची परवानगी बिल्डरकडून आधीच घ्यावी. जीएसटी नोंदणी असेल, तर पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत तो पोर्टलवर कळवावा लागतो, हेही याच गडबडीत राहून जाते.

मजकूर टाकण्याआधी तो दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘१५ तारखेला माझा चष्मा न्यायला कुठे येशील?’ त्याला उत्तर द्यायला अडखळावे लागले, तर मजकूर पुन्हा लिहा.