‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला की नाशिकच्या निर्यातदारांच्या ऑफिसात मालाइतकीच कागदांचीही धावपळ असते. कंटेनर न्हावाशेवा बंदरातून युरोपकडे निघतो आणि त्याच्या मागोमाग कागदपत्रं पाठवावी लागतात. त्यातला कळीचा कागद म्हणजे जहाज कंपनी देते ते बिल ऑफ लेडिंग, म्हणजेच ‘बीएल’. माल कोणी पाठवला, कोणत्या कंटेनरमध्ये आहे, कुठे उतरायचा आणि कोणाच्या ताब्यात द्यायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. मूळ बीएल निघण्याआधी त्याचा मसुदा तपासायला मिळतो. ठरलेल्या मुदतीत चूक कळवली तर दुरुस्ती सहज होते. मुदत टळली की बहुधा जास्तीचे पैसे मोजावे लागतात आणि कागदही रेंगाळतो.

समजा, अशा ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्याने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला मसुदा पाठवला आणि सोबत लिहिलं : ‘प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ द ड्राफ्ट बीएल. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट.’

लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ स्वच्छ आहे : नाव-पत्ता तपासा आणि गुरुवारपर्यंत कळवा. पण मेलमध्ये यातलं काहीच उतरलेलं नाही. मसुदा नुसता पाहून ठेवायचा, आपल्या कस्टम्स एजंटला पाठवायचा, की त्यातल्या चुका शोधायच्या? ‘ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे आज, की या आठवड्यात? हातात दहा कामं असलेला माणूस असा मेल बाजूला ठेवतो. गुरुवार निघून जातो आणि बीएलवर जुनाच पत्ता छापून येतो.

‘डू द नीडफुल’ हा भारतात घडवलेला प्रयोग नाही. तो ब्रिटिश पत्रव्यवहारातून इथे आला. इंग्लंड-अमेरिकेत तो हळूहळू मागे पडला. इथे मात्र नवा कारकून जुन्या पत्रांवरूनच पत्र लिहायला शिकत राहिला, त्यामुळे तो टिकला. खुद्द ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची भाषा सोपी व्हावी म्हणून अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली. ‘प्लेन वर्ड्स’ नावाची ही पुस्तिका १९४८ साली निघाली आणि ती सरकारी कचेऱ्यांबाहेरही वाचली गेली. वाचणाऱ्याला काय हवं आहे ते आधी ओळखा आणि तेवढंच नेमक्या शब्दांत लिहा, असा तिचा आग्रह होता.

कचेरीत हा शब्दप्रयोग चालून गेला, त्यालाही कारण आहे. तिथे पत्र एकटं फिरत नसे, त्याच्यासोबत फाइल असे. आधीच्या टिपण्या, आलेले अर्ज, वरिष्ठांचे शेरे, सगळं त्यात लावलेलं असे. फाइल ज्याच्या टेबलावर येई, त्याचं कामही ठरलेलं असे. म्हणून ‘योग्य ती कार्यवाही करावी’ एवढा शेरा पुरत असे. ‘योग्य ती’ म्हणजे कोणती, हे फाइलच सांगत असे. ईमेलच्या मागे अशी फाइल नसते. रॉटरडॅमच्या माणसाला नाशिकच्या ऑफिसातलं आधीचं बोलणं माहीत नसतं. तेव्हा जे काम पूर्वी फाइल करत होती, ते आता मेलमधल्या वाक्यांनाच करावं लागतं.

‘रिव्हर्ट बॅक’ची अडचण वेगळी आहे. भारतात, तसंच सिंगापूर-मलेशियातही, ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर द्या’ असा अर्थ रुळला आहे. ब्रिटन-अमेरिकेच्या सर्वसाधारण इंग्रजीत मात्र या क्रियापदाचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा होतो. मूळ मालकाकडे परत जाणाऱ्या मालमत्तेबद्दल कायद्याच्या भाषेतही ते वापरतात. ‘परत’ हा अर्थ शब्दातच असल्यामुळे पुढचं ‘बॅक’ वाढीव ठरतं.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात यातून खराखुरा घोटाळा होऊ शकतो. तिथे `git revert` ही आज्ञा आधी केलेला बदल रद्द करण्यासाठी असते. पुण्यातल्या टीमने परदेशातल्या सहकाऱ्याला ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस’ असं लिहिलं, तर ‘बदलांबद्दल मत कळवा’ ऐवजी ‘बदल काढून टाका’ असा अर्थ लागू शकतो. ‘प्लीज रिप्लाय’ किंवा ‘प्लीज लेट मी नो’ लिहिलं की ही शंकाच उरत नाही.

आता नाशिकचा मेल पुन्हा लिहून पाहू. कोणी, काय, कधीपर्यंत आणि का, या चार प्रश्नांची उत्तरं त्यात यायला हवीत : ‘कुड यू प्लीज चेक द कन्साइनीज नेम अँड ॲड्रेस इन द अटॅच्ड ड्राफ्ट, अँड सेंड अस एनी करेक्शन्स बाय टू पीएम युवर टाइम ऑन थर्सडे, ट्वेल्थ मार्च? द शिपिंग लाइन चार्जेस फॉर चेंजेस आफ्टर दॅट. इफ एव्हरीथिंग इज करेक्ट, प्लीज रिप्लाय “अप्रूव्हड”.’

हा मेल पहिल्यापेक्षा लांब आहे, पण तो वाचून उलट काही विचारावं लागत नाही. ‘युवर टाइम’ हे दोन शब्दही कामाचे आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत नेदरलँड्सचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यानंतर साडेतीन तास. म्हणून नुसतं ‘ईओडी’, म्हणजे दिवसअखेर, लिहिलं तर कोणाच्या दिवसाची अखेर, हा प्रश्न राहतोच. शेवटचं वाक्य गप्प राहण्याची वाट बंद करतं. उत्तर आलं नाही, तर मसुदा पसंत आहे की मेल उघडलाच नाही, हे कळायला मार्ग नसतो.

‘काइंडली’ गाळलं तर उद्धट वाटेल, ही अनेकांची खरी चिंता असते. मराठीत ‘करा’ आणि ‘कराल का’ यांत जो फरक आहे, तो आजच्या इंग्रजीत ‘कुड यू प्लीज’मध्ये येतो. उलट अमेरिकी वाचकाच्या कानाला ‘काइंडली’ जुनाट, कधी कधी हुकमीही वाटतं. मात्र नम्रतेच्या नावाखाली विनंती तीन ओळींत गुंडाळू नये, आणि नेमकेपणाच्या नादात नुसता हुकूमही सोडू नये. समोरचा तज्ज्ञ असेल आणि मार्ग त्याने ठरवायचा असेल, तर पायऱ्या न सांगता हवा तो परिणाम लिहावा : ‘प्लीज एन्शुअर द कंटेनर इज क्लीअर्ड बाय फ्रायडे’. काय करायचं ते स्वतःलाच ठाऊक नसेल, तर ‘नीडफुल’च्या आडोशाला न जाता सरळ विचारावं : ‘व्हॉट डू यू नीड फ्रॉम अस?’

मेल पाठवण्याआधी तो या व्यवहाराशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि ‘यात तुला काय करायचं आहे, कधीपर्यंत?’ एवढंच विचारावं. तो अडखळला तर वाक्य बदलावं.

‘डू द नीडफुल’ लिहिलेला मेल आपल्यालाच आला, तर पाठवणाऱ्याचं इंग्रजी सुधारत बसण्याची गरज नाही. ग्राहकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. आपल्याला कळलेला अर्थ लिहून खात्री करून घ्यावी : ‘वी विल करेक्ट द ॲड्रेस अँड सेंड अ न्यू ड्राफ्ट टुडे. इज देअर एनिथिंग एल्स यू नीड?’ राहून गेलेला तपशील पुढच्या उत्तरात बहुधा मिळतो, आणि नंतर वाद झालाच तर काय ठरलं होतं ते दोन्हीकडच्या इनबॉक्समध्ये लेखी असतं.